मशीन ओडीतून घ्यायचं की टर्म लोनमधून? आणि ओडीचं व्याज रोज कसं चढतं

प्रश्न: नमस्कार सर. रबाळे एमआयडीसीत माझा मशीनिंगचा छोटा गाळा आहे, उलाढाल वर्षाला 75 लाखांच्या आसपास. 15 लाख अधिक जीएसटी अशी एक सीएनसी लेथ घ्यायची आहे. त्यात 3 लाख मी घालू शकतो. म्हणजे मशीनला 12 लाख आणि मालासाठी 8 एक लाख, मिळून 20 लाख हवेत. बँकेतले साहेब म्हणतात, राहत्या फ्लॅटच्या तारणावर 20 लाखांची ओडी, म्हणजे ओव्हरड्राफ्ट घ्या, वापराल तेवढ्यावरच व्याज, हप्त्याची कटकट नाही. मेहुणे म्हणतात टर्म लोनच घे. स्वस्त कुठलं पडेल? आणि ओडीचं व्याज रोजच्या शिल्लकीवर लागतं म्हणजे नक्की कसं?

उत्तर:

मशीनसाठी 12 लाखांचं टर्म लोन घ्या आणि मालासाठी 12 लाखांचं ओडी लिमिट वेगळं घ्या. तुम्ही मालासाठी 8 लाख म्हणता आणि मी 12 म्हणतो, त्याचं कारण पुढे हिशोबातच दिसेल. अख्खे 20 लाख ओडीत घालू नका. साहेबांनी सांगितलेलं "वापराल तेवढ्यावरच व्याज" हे अगदी खरं आहे, पण ते जे पैसे फिरतात त्यांच्या उपयोगाचं आहे. मशीनमध्ये गेलेले पैसे फिरत नाहीत, ते लोखंडात बसून राहतात.

आधी व्याजाचं बघू, कारण ते हातात आलं की बाकीचं तुम्ही स्वतःच ठरवू शकाल.

ओडी खात्यात दर रात्री, म्हणजे दिवसाचे सगळे व्यवहार संपल्यावर, जी नावे बाकी उरते तिच्यावर त्या एका दिवसाचं व्याज मोजलं जातं. ते रोज खात्यात टाकत नाहीत. महिनाभर बाजूला जमत राहतं आणि महिनाअखेरीला एका आकड्यात नावे पडतं. दर समजा 10.95 टक्के आहे. हा दर मी मुद्दाम घेतोय, कारण त्याला 365 ने भागलं की दिवसाला 0.03 टक्के येतात, म्हणजे वापरलेल्या प्रत्येक लाखावर रोजचे 30 रुपये. तुमचा दर वेगळा असेल, तर तुमच्या दराने एका लाखाला रोज किती पडतात ते एकदा काढा आणि मोबाईलमध्ये लिहून ठेवा. ओडीचे सगळे निर्णय त्या एका आकड्यावर घेता येतात.

आता तुमच्यासारख्या गाळ्याचा एक एप्रिल महिना घेऊ. लिमिट 12 लाख. 31 मार्चच्या रात्री खात्यात 3 लाख वापरलेले आहेत. 3 एप्रिलला कळंबोलीच्या स्टीलवाल्याला 4 लाख गेले. 7 तारखेला पगार, गाळ्याचं भाडं आणि वीजबिल मिळून दीड लाख गेले. 16 तारखेला मोठ्या पार्टीचं 5 लाखांचं पेमेंट आलं. 20 तारखेला जीएसटीचे 50 हजार भरले. 27 तारखेला दुसऱ्या पार्टीकडून अडीच लाख आले. रात्रीच्या बाकीचा उतारा असा दिसेल:

1 ते 2 एप्रिल, 2 दिवस: 3,00,000
3 ते 6 एप्रिल, 4 दिवस: 7,00,000
7 ते 15 एप्रिल, 9 दिवस: 8,50,000
16 ते 19 एप्रिल, 4 दिवस: 3,50,000
20 ते 26 एप्रिल, 7 दिवस: 4,00,000
27 ते 30 एप्रिल, 4 दिवस: 1,50,000

प्रत्येक ओळीत लाख गुणिले दिवस करा. 6, 28, 76.5, 14, 28 आणि 6, बेरीज 158.5. त्याला 30 रुपयांनी गुणलं की 4,755 रुपये. एप्रिलचं व्याज इतकंच.

या उताऱ्यातल्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवा. महिन्याच्या जवळजवळ निम्म्या व्याजाला ते नऊ दिवस कारणीभूत आहेत, कारण तेव्हा माल आणि पगार दोन्ही गेलेले आहेत आणि पार्टीचा पैसा यायचा आहे. महिनाअखेरीची बाकी बघून अंदाज बांधला असता तर दीड लाखावर महिन्याचे 1,350 रुपये वाटले असते. सगळ्यात वरच्या आकड्यावर बांधला असता तर 7,650. दोन्ही चूक. व्याज महिन्याच्या शेवटच्या आकड्यावरही लागत नाही आणि सर्वांत मोठ्या आकड्यावरही लागत नाही, कुठला आकडा किती रात्री टिकला त्यावर लागतं. त्यामुळे 31 तारखेला कुणाकडून तरी पैसे उसने आणून खातं खाली दाखवण्याचा व्याजाला उपयोग फक्त त्या एका रात्रीपुरता होतो. तसंच सकाळी भरले आणि संध्याकाळी काढले, तर काहीच होत नाही, कारण रात्रीची बाकी तीच राहते. शनिवार-रविवार आणि बँकेच्या सुट्ट्या व्याजाला सुट्ट्या नसतात. शुक्रवारी रात्रीची बाकी काही हालचाल झाली नाही तर तीन रात्री मोजली जाते.

हे 4,755 रुपये 30 तारखेला नावे पडले की बाकी 1,54,755 होते आणि पुढच्या रात्रीपासून त्या वरच्या 4,755 वरही व्याज सुरू होतं. खात्यात पैसे येत-जात असतील तर ते पुढच्या जमेत विरून जातं, जाणवतसुद्धा नाही. खातं एकाच जागी अडकलं असेल तर मात्र तेच व्याजावर व्याज बनत जातं.

बँकेने लावलेला आकडा बरोबर आहे की नाही हे तुम्ही घरी तपासू शकता. एक्सेलमध्ये बी रकान्यात महिन्याच्या प्रत्येक तारखेची रात्रीची नावे बाकी भरा. उताऱ्यात ज्या दिवशी व्यवहार नाही त्या दिवशी आदल्या दिवसाचीच बाकी पुन्हा लिहायची, बहुतेकांचा हिशोब इथेच चुकतो. खातं कधी जमेत गेलं असेल तर तो आकडा उणे चिन्हाने लिहा. ओडीच्या जमा बाकीवर बँक सहसा व्याज देत नाही, म्हणून सूत्र तो आकडा सोडून देतं:

```
=SUMIF(B2:B32,">0")*10.95/36500
```

दहा-वीस रुपये इकडेतिकडे झाले तर सोडून द्या. फरक शेकड्यात असेल तर महिन्याच्या मध्ये दर बदललाय का, किंवा लिमिटच्या वर गेल्याचं शुल्क लागलंय का, ते शाखेत विचारा. 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दंड म्हणून व्याजदर वाढवता येत नाही. दंड वेगळं शुल्क म्हणून दाखवावा लागतो आणि त्या शुल्कावर पुढे व्याज चढवता येत नाही.

या रोजच्या हिशोबातून एक गोष्ट लगेच करण्यासारखी आहे. ठाण्या-नवी मुंबईतल्या बऱ्याच गाळेवाल्यांचं ओडी खातं एका बँकेत असतं आणि पार्टीचे पैसे वर्षानुवर्षं दुसऱ्याच बँकेच्या चालू खात्यात येतात, कारण इनव्हॉइसवर तोच खाते क्रमांक छापलेला असतो. तिथे दोन लाख पडून असले आणि इथे ओडी वापरात असली तर दिवसाला 60 रुपये, महिन्याला 1,800 रुपये विनाकारण जातात. इनव्हॉइसवर ओडीचा खाते क्रमांक टाका आणि जुन्या पार्ट्यांना पत्र पाठवून कळवा. एनईएफटी आणि आरटीजीएस आता चोवीस तास चालतात, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी आलेली रक्कमही त्याच रात्रीची बाकी खाली आणते.

उलट दिशेने फार ताणू नका. वरच्या एप्रिलमध्ये स्टीलवाल्याला 3 ऐवजी 6 तारखेला पैसे दिले असते तर 360 रुपये वाचले असते. तेवढ्यासाठी ज्याच्याकडून अडीअडचणीला उधारीवर स्टीलचे बार मिळतात त्याचं मन दुखवू नये. कारागिरांचा पगार शनिवारऐवजी सोमवारी देऊन नव्वद रुपये वाचवणाऱ्यांबद्दल मला आदर नाही. पण पार्टीचं 5 लाखांचं पेमेंट 16 ऐवजी 13 तारखेला आलं तर 450 रुपये वाचतात आणि वरचे तीन दिवस लिमिटमध्ये जागा मोकळी होते. पाठपुरावा तिथे करा.

आता मशीनकडे येतो. समजा तुम्ही साहेबांचं ऐकलं आणि 20 लाखांच्या ओडीतून मशीनवाल्याला 12 लाख दिले. त्या दिवसापासून तुमच्या खात्याचा तळ 12 लाखांवर गेला. वरच्या उताऱ्यातल्या प्रत्येक ओळीत आता 12 लाख मिळवा. पार्टीचा पैसा आला तरी बाकी साडेतेराच्या खाली जात नाही, आणि पगाराच्या आठवड्यात ती साडेवीस लाखांवर जाते, म्हणजे लिमिटच्या बाहेर. त्या 12 लाखांवर दिवसाला 360 रुपये, वर्षाला 1,31,400 रुपये व्याज जात राहतं आणि मुद्दल एक रुपयाने कमी होत नाही, कारण ते कमी करायला तुम्हाला कुणी सांगत नाही.

टर्म लोन 12 लाख, 5 वर्षं, 10.5 टक्के धरलं तर हप्ता साधारण 25,793 रुपये येतो आणि पाच वर्षांत एकूण व्याज सुमारे 3 लाख 48 हजार. ओडीत पाच वर्षं 12 लाख तसेच ठेवले तर व्याज 6 लाख 57 हजार. ही तुलना करून टर्म लोन निम्म्यात पडतं असं सांगणारे तुम्हाला भेटतील, पण ती तुलना न्याय्य नाही. टर्म लोनमध्ये तुम्ही मुद्दलही फेडलेलं असतं, ओडीत ते तसंच असतं. हीच 25,793 रुपयांची रक्कम दर महिन्याला ओडीत भरून परत उचलली नाही, तर तिथेही कर्ज जवळपास त्याच काळात फिटतं. 10.95 टक्क्यांनी हप्ता 26,061 रुपये येईल, म्हणजे महिन्याला 270 रुपयांच्या आसपास फरक. म्हणून निव्वळ व्याजाच्या दरावर हा निर्णय घेऊ नका. दोन्हींत फार अंतर नसतं.

अंतर पडतं ते "परत उचलली नाही" या अटीत. मी कर्ज विभागात असताना आणि नंतर उद्योजकांसाठी काम करताना शेकडो ओडी खात्यांचे उतारे वाचले आहेत. मशीनची रक्कम ओडीतून स्वतःहून हप्त्याने उतरवणारे फार थोडे. माणूस बेशिस्त असतो म्हणून असं होत नाही. एका चांगल्या ऑर्डरसाठी जास्त माल लागतो, खात्यात जागा दिसते आणि ती वापरली जाते. धंदा म्हणून ते त्या क्षणी बरोबरच असतं.

तुर्भ्याच्या एका खोके बनवणाऱ्या उद्योजकाचं खातं मला अजून आठवतं. वाशीच्या बाजारसमितीतल्या फळवाल्यांना ते पुठ्ठ्याचे खोके पुरवायचे. लिमिट 15 लाख. हंगाम संपला की त्यांचं खातं दोन-अडीच लाखांपर्यंत खाली यायचं, सुरेख फिरायचं. मग त्यांनी 6 लाखांचं एक पंचिंग मशीन ओडीतूनच घेतलं. मशीन चांगलं होतं, कामही भरपूर होतं. पण त्यानंतरच्या उताऱ्यांवर मी पेन्सिलीने प्रत्येक महिन्याची सर्वांत कमी बाकी गोल करत गेलो तेव्हा आकडे दिसले ते असे: आधी साडेआठ, मग नऊ, मग दहा, पुढच्या पावसाळ्यात अकराच्या वर. पुढच्या आंब्याच्या हंगामात क्राफ्ट पेपरची मोठी खरेदी करायची वेळ आली तेव्हा खात्यात तीन लाखसुद्धा जागा नव्हती. कागदाच्या मिलला दिलेला चेक परत गेला, तोही महिन्याच्या पहिल्या तारखेला, कारण आदल्या रात्री व्याजाचे साडेतेरा हजार नावे पडून उरलीसुरली जागा संपली होती. धंदा नफ्यात होता. पैसे मशीनमध्ये होते.

त्यांच्या बाबतीत मार्ग निघाला. खात्यातला जो 7 लाखांचा भाग कधी खाली येतच नव्हता, तो बँकेने वेगळा काढून त्याचं टर्म लोन केलं आणि ओडीचं लिमिट 8 लाखांवर आणलं. हे करता येतं, पण खातं नियमित असताना मागितलं पाहिजे. खातं अडचणीत आल्यावर हीच गोष्ट केली तर ती कर्जाची पुनर्रचना धरली जाऊ शकते आणि खात्याचा दर्जा घसरतो. पुढे कुठलंही कर्ज मागायला गेलात की तो डाग दिसतो.

दुसरं, ओडी साधारण एका वर्षासाठी मंजूर होते आणि मागणी केल्यावर परत करायची असते. दर वर्षी ताळेबंद, जीएसटी रिटर्न, खात्याची उलाढाल बघून नूतनीकरण होतं. एखाद्या वर्षी विक्री घटली आणि बँकेने लिमिट 20 वरून 15 केलं, तर पाच लाख तुम्ही कुठून आणणार? मशीनचा पाव भाग विकता येत नाही. टर्म लोनचे हप्ते वेळेवर जात असतील आणि मंजुरीपत्रातल्या अटी पाळल्या जात असतील, तर बँक मधेच पैसे परत मागत नाही.

लिमिटला चिकटलेल्या खात्याचा आणखी एक धोका आहे. बाकी सलग 90 दिवस लिमिटच्या वर राहिली, किंवा लिमिटच्या आत असूनही 90 दिवसांत एकही जमा आली नाही, किंवा त्या काळात आलेली जमा त्याच काळात लावलेल्या व्याजालाही पुरली नाही, तर खातं 'आउट ऑफ ऑर्डर' धरलं जातं आणि एनपीए, म्हणजे थकीत कर्ज होतं. चालत्या गाळ्याला शेवटच्या दोन गोष्टी सहसा होत नाहीत. पहिली होते, आणि ती नकळत होते. 20 लाख पूर्ण वापरलेले असले की महिन्याचं व्याजच 18 हजार असतं. ते नावे पडलं की बाकी लिमिटच्या वर जाते आणि तुम्ही ती रक्कम भरली नाही तर पुढच्या महिन्याचं व्याज तिच्यावर चढतं. एनपीए ठरतो तो कर्जदार, एकटं खातं नव्हे. म्हणजे त्याच बँकेत तुमचं टर्म लोन असेल आणि त्याचे सगळे हप्ते वेळेवर असले, तरी ओडी बिघडली की तेही एनपीएत जातं. मी सांगतोय तशी दोन खाती घेतलीत तर हे लक्षात असू द्या.

याच्या उलट, सगळेच 20 लाख टर्म लोन म्हणून घेऊ नका. मेहुण्यांचा सल्ला मशीनपुरता बरोबर आहे. मालासाठी 8 लाखांचं 3 वर्षांचं टर्म लोन घेतलंत तर पहिल्या महिन्यापासून पूर्ण 8 लाखांवर व्याज लागेल, 10.5 टक्क्यांनी 7,000 रुपये, पैसे वापरात असोत किंवा चालू खात्यात पडलेले असोत. ओडीत त्याच महिन्याला 4,755 लागले होते. त्याहून मोठी अडचण म्हणजे महिना 26 हजारांचा हप्ता. तीन वर्षांनी कर्ज फिटलेलं असेल, पण पार्ट्यांकडे अडकलेली उधारी आणि रॅकवरचा माल तेवढाच असेल, बहुधा जास्तच. म्हणजे खेळतं भांडवल तुम्ही खेळत्या भांडवलातूनच फेडलंत, आणि पुन्हा कर्जासाठी बँकेच्या दारात.

आता 12 लाखांच्या लिमिटबद्दल. वरच्या एप्रिलचा सर्वांत मोठा आकडा साडेआठ लाख होता, म्हणून 8 लाख पुरणार नाहीत हे उघड आहे. शिवाय मशीनवर 18 टक्क्यांनी 2 लाख 70 हजार जीएसटी भरावा लागेल. पुष्कळदा बँका टर्म लोन मूळ किमतीवर देतात, जीएसटी तुम्हाला बघावा लागतो. ही रक्कम मात्र ओडीतून भरायला हरकत नाही, कारण ती परत येते. तिचं इनपुट क्रेडिट मिळतं आणि तुम्ही दर महिन्याला जे 50 हजारांच्या आसपास रोख जीएसटी भरता तो पाच-सहा महिने भरावा लागत नाही. तेवढ्या महिन्यांत तो खड्डा आपोआप बुजतो, व्याज एकूण सात-आठ हजार पडेल. तोवर साडेआठ अधिक 2.7, म्हणजे 11.2 लाखांपर्यंत बाकी जाऊ शकते. म्हणून 12.

हे लिमिट मिळायला अडचण येऊ नये. लघुउद्योगांच्या 5 कोटींपर्यंतच्या खेळत्या भांडवलासाठी बँका अंदाजित वार्षिक उलाढालीच्या किमान 20 टक्के धरतात. 75 लाखांवर ते 15 लाख होतात. फ्लॅट तारण द्यायच्या आधी एकदा विचारा की लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सीजीटीएमएसई या ट्रस्टच्या हमीखाली विनातारण देता का. हमीशुल्क पडतं, पण राहतं घर गुंतत नाही. तारण न देता स्टॉक आणि उधारीवर लिमिट मिळालं तर त्याला कॅश क्रेडिट म्हणतात. व्याजाचा हिशोब तोच, फक्त दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं आणि वापर ड्रॉइंग पॉवरपुरताच, म्हणजे त्या स्टॉक-उधारीच्या हिशोबाने बँक जेवढं उचलू देते तेवढाच करता येतो. 90 दिवसांहून जुनी उधारी त्यात सहसा धरत नाहीत, त्यामुळे लिमिट 12 लाख आणि प्रत्यक्षात उचलता येतात 9, असं होऊ शकतं. हा फरक सही करण्याआधी समजून घ्या.

ओडीचा एक खर्च व्याजात दिसत नाही. प्रक्रिया शुल्क आणि पुढे दर वर्षीचं नूतनीकरण शुल्क पूर्ण लिमिटवर लागतं, वापरावर नाही. समजा अर्धा टक्का आहे. 12 लाखांवर 6,000, त्यावर जीएसटी धरून 7,080 रुपये. तुमचा सरासरी वापर 5.28 लाख असेल तर हे व्याजात सव्वा टक्क्याहून जास्त भर घालतं आणि 10.95 चा दर प्रत्यक्षात 12.3 च्या घरात जातो. काही बँका न वापरलेल्या लिमिटवरही शुल्क लावतात. म्हणून गरजेपेक्षा दुप्पट लिमिट "असू दे हाताशी" म्हणून घेणं फुकट नसतं. जीएसटीचा खड्डा भरून आला की पुढच्या नूतनीकरणाला 12 चं 10 करून घ्या.

टर्म लोनच्या मंजुरीपत्रात तीन गोष्टी बघा. मशीन नजरगहाण असेल आणि पैसे थेट पुरवठादाराला जातील, त्यासाठी प्रोफॉर्मा इनव्हॉइस आधीच घेऊन ठेवा. मशीन बसून काम सुरू होईपर्यंत तीन ते सहा महिने मुद्दलाला सवलत मागा, त्या काळात फक्त व्याज भरायचं. आणि मुदतपूर्व फेडीचं शुल्क वाचा. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या बदलत्या दराच्या व्यावसायिक कर्जांवर सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून व्यापारी बँकांना हे शुल्क घेता येत नाही. त्यासाठी उद्यम नोंदणी हाताशी ठेवा. लहान सहकारी बँकेकडून घेत असाल तर पत्रात काय लिहिलंय तेच धरून चाला. दर स्थिर आहे की बदलता हेही तिथेच बघा, कारण हा नियम बदलत्या दरालाच सरळ लागू होतो.

शेवटी, कर्ज घेतल्यानंतरची एक तपासणी. टर्म लोनचा हप्ता बहुतेक वेळा ओडी खात्यातूनच आपोआप वळता होतो. हप्ता वेळेवर गेल्याचं दिसतं, सगळं ठीक वाटतं. पण मशीनने तेवढी कमाई केली नसेल तर तो हप्ता ओडीच्या पैशांतून गेलेला असतो, म्हणजे टर्म लोन कमी होतंय आणि तेवढीच ओडी वाढतेय. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात 10,500 व्याज आणि 15,293 मुद्दल असतं. ते सगळे 25,793 ओडीत गेले तर दिवसाला पावणेआठ रुपये, कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून प्रत्येक महिन्याच्या उताऱ्यातली सर्वांत कमी नावे बाकी शोधून एका वहीत ओळीने लिहीत जा. एखादा महिना वर गेला तर त्यात काही नाही, पार्टीने पेमेंट उशिरा केलं असेल. पण जीएसटीचं क्रेडिट संपल्यानंतरही हा आकडा सलग चार-पाच महिने पंचवीस-सव्वीस हजारांनी चढत असेल, तर मशीन स्वतःचा हप्ता काढत नाहीये. मग लिमिट वाढवून मागायला जाऊ नका. त्या मशीनवर दिवसाला किती तास काम आहे, तासाचा दर काय लावलाय आणि त्या कामाचे पैसे किती दिवसांनी येतात, हे तिन्ही कागदावर मांडा आणि ते घेऊन शाखेत जा. खातं लिमिटच्या आत असतानाच गेलात तर हप्त्याची मुदत वाढवण्यापासून दुसरे पर्याय काढण्यापर्यंत बोलायला वाव असतो.